दीड महिना घर बंद ठेवायचंय: बोका, बत्तीस कुंड्या आणि बँकेचा ओटीपी

उंबरठा

मंडळी, आम्ही दोघं साडेतीन आठवड्यांनी देशाबाहेर निघतोय, ४५ दिवसांनी परत. आजवर आठ-दहा दिवसांच्या वर घर कधी बंद ठेवलेलं नाही, त्यामुळे डोक्यात नुसता गोंधळ आहे.

घरात एक बोका आहे, वय ९, अंगाने जरा जास्तच भरलेला. ३२ कुंड्या आहेत. कॉलेजात जाणारी भाची वीस मिनिटांवर राहते, ती दर तीन दिवसांनी येऊन बघून जाईन म्हणाली आहे. बँकेला फोन करून 'बाहेर चाललोय' सांगायचं, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा, दूधवाल्याला आणि पेपरवाल्याला नको म्हणायचं, एवढी यादी केली आहे. बॅगांची यादी मात्र चार पानं झाली!

काय सुटतंय ते सांगा. विशेषतः बँकेचं आणि बोक्याचं.

दोनचबॅगा

एवढं काही नसतं हो ताई. मी वर्षातून तीनदा जातो. बँकेला एक फोन टाकायचा, की कार्ड कुठेही चालतं. मांजरं स्वतंत्र असतात, मोठ्या भांड्यात कोरडं खाणं भरून ठेवा, दोन भांडी पाणी. भाची तीन दिवसांनी येणार म्हणजे चैनच आहे. झाडांना बाटल्या उलट्या खोचा. झालं काम.

परतीचापाऊस

घर बंद ठेवू नका, भाड्याने द्या. बंद घराला ओल येते, वाळवी लागते, दारं फुगतात. आम्ही परगावी बदली झाली तेव्हा तेच केलं. फक्त करार नोंदवून घ्या आणि अनामत रक्कम आधी हातात पडू द्या. भाडेकरू कुटुंबवाला बघा.

उंबरठा

@परतीचापाऊस, काका, आम्ही ४५ दिवसांनी परत येणार आहोत. आणि भाडेकरूला बोका कसा सोपवू?

परतीचापाऊस

अच्छा, मी ४५ महिने वाचलं. चष्मा पुसतो.

मांजरपाठ

भांडं भरून ठेवण्याचा सल्ला कृपा करून विसरा. मी प्राण्यांच्या दवाखान्यात सहा वर्षं काम केलंय. लांबच्या सुटीनंतर येणाऱ्या मांजरांत दोन गोष्टी पुनःपुन्हा दिसायच्या, आणि दोन्ही तुमच्या बोक्याला लागू पडतात.

एक, जाड मांजराने दोन-तीन दिवस खाणं सोडलं, तर शरीरातली चरबी यकृताकडे धावते आणि यकृत तिच्यातच बुडून जातं. माणूस उपास करून हलका होतो, मांजर आजारी पडतं. आणि मालक दिसेनासा झाल्यावर खाणं सोडणारी मांजरं काही कमी नसतात. भांडं भरलेलं आहे म्हणजे तो खातोय असं नव्हे.

दुसरी गोष्ट बोक्यांची. त्यांचा मूत्रमार्ग अरुंद असतो, खडे किंवा घट्ट स्रावाचा बोळा अडकून तो पूर्ण बंद होऊ शकतो. ताण आला, पाणी कमी प्यायलं, नुसतं कोरडं खाल्लं, की शक्यता वाढते. बोका पुन्हापुन्हा मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसतो, जोर करतो, थेंबभर येतं किंवा काहीच येत नाही. हे दिसल्यावर त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. एक-दोन दिवस गेले तर बोका हातचा जातो. भाची सोमवारी येऊन गेली आणि मंगळवारी हे सुरू झालं, तर गुरुवारी तिला काय दिसेल ते मी इथे लिहीत नाही.

म्हणून रोज किमान एकदा कुणीतरी यायलाच हवं. आणि त्या माणसाने दोन गोष्टी करायच्या. बोका प्रत्यक्ष डोळ्यांनी बघायचा, पलंगाखाली लपला असला तरी वाकून. आणि ट्रेमधून लघवीचे किती गोळे निघाले ते मोजून लिहायचं. गुठळी होणारी माती वापरत असाल तर मोजणं सोपं आहे. निघण्यापूर्वी आठवडाभर तुम्ही स्वतः मोजा म्हणजे त्याचा नेहमीचा आकडा कळेल. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांचे दिवसाला दोन ते चार असायचे. आकडा शून्य आला, किंवा वाटाण्याएवढे सात-आठ आले, तर फोन.

दोनचबॅगा

माझी मांजर पाच दिवस एकटी राहिली होती, काही झालं नाही.

मांजरपाठ

तुमची मांजर मादी आहे, त्यांचा मार्ग रुंद असतो. आणि नशीबही असतं.

उंबरठा

@मांजरपाठ, वाचून पोटात गोळा आला. भाचीला फोन केला. रोज यायला तयार आहे पण तिची परीक्षा मध्येच येते, त्या आठ दिवसांसाठी दुसरं कुणीतरी शोधावं लागेल. की बोक्याला तिच्याच घरी नेऊन ठेवू?

मांजरपाठ

यावर आमच्या दवाखान्यातच दोन तट होते. मांजर माणसापेक्षा जागेला जास्त धरून असतं, नव्या घरात आठवडाभर कपाटामागे बसतं, म्हणून घरीच ठेवावं असं मी म्हणते. पण दीड महिना दिवसाचे साडेतेवीस तास एकटं राहणं हेही काही चांगलं नाही. भाची आठवड्यातून दोन-तीन रात्री तुमच्याकडेच राहून अभ्यास करू शकेल का? तिला शांतता, त्याला सोबत.

कार्डपंच

बँकेबद्दल फारसं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. बँकेच्या कार्ड विभागात बरीच वर्षं काढली आहेत.

दोनचबॅगा यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. फोन करणं वाईट नाही, पण त्या फोनने आता फारसं होत नाही. काही बँका अजून प्रवासाची नोंद घेतात, बऱ्याच जणांनी ते बंद करून सगळं अ‍ॅपमधल्या बटणांवर सोडलंय: परदेशातले व्यवहार चालू-बंद, एटीएम चालू-बंद, मर्यादा किती. फोनवरच्या माणसाने 'हो, नोंद केली' म्हटलं आणि तुमचं बटण बंदच राहिलं, तर कार्ड चालणार नाही. आणि नोंद असली तरी संशयास्पद व्यवहार पकडणारी यंत्रणा तुमचं कार्ड थांबवू शकतेच. नोंद म्हणजे अभय नव्हे.

पण परदेशात लोक जास्त अडकतात ते कार्डापायी नाही, ओटीपीपायी. ज्या सिमवर ओटीपी येतो ते सिम तिथे जिवंत असणार आहे का, हा पहिला प्रश्न. प्रीपेड असेल तर वैधता ४५ दिवसांच्या पुढे हवी आणि रोमिंग निघण्यापूर्वी चालू करून घ्यायला हवं. तिथे गेल्यावर चालू करायला गेलात, तर बहुतेकदा त्यासाठीही ओटीपीच लागतो, आणि तो यायला रोमिंग लागतं.

दुसरं, विमानतळावर स्थानिक सिम घेऊन घरचं सिम पाकिटात टाकू नका. काही बँकांची अ‍ॅप्स सिमशी बांधलेली असतात. सिम बदललं की अ‍ॅप पुन्हा नोंदणी मागतं आणि त्यासाठी जुन्या नंबरवरून एसएमएस पाठवायला सांगतं. फोनमध्ये ई-सिमची सोय असेल तर स्थानिक नंबर ई-सिमवर घ्या, घरचं सिम आपल्या खाचेत राहू द्या, फक्त त्याचा डेटा बंद ठेवा.

ताई, तुमची स्वयंचलित देयकं कुठल्या कार्डावर आहेत?

उंबरठा

एकाच क्रेडिट कार्डावर. वीज, इंटरनेट, घराचा विमा, आरोग्य विमा. तेच कार्ड घेऊन जाणार होते, कारण त्याची मर्यादा मोठी आहे.

कार्डपंच

हीच मेख. समजा चौथ्या दिवशी तिकडच्या एखाद्या यंत्रावर त्या कार्डाची नक्कल झाली किंवा नुसता संशय आला. बँक कार्ड बंद करणार, नव्या नंबरचं कार्ड पाठवणार, तेही तुमच्या बंद घराच्या पत्त्यावर. त्या क्षणापासून तुमची चारही देयकं नापास. विजेची जोडणी तुटायला वेळ लागतो, पण विम्याचा हप्ता चुकला तर नेमकं घर रिकामं असताना घर उघडं.

म्हणून दोन कामं वेगळी करा. देयकं एका कार्डावर किंवा थेट खात्यावर टाका आणि ते कार्ड घरात कुलपात ठेवा. प्रवासाला दुसरं कार्ड न्या, आणि शक्यतो तिसरं, वेगळ्या बँकेचं, वेगळ्या बॅगेत. ४५ दिवसांत खात्यातून काय काय जाणार त्याची बेरीज करून तेवढे पैसे आणि वर थोडे ठेवा. मुदत संपण्याची तारीखही बघा. कार्डाच्या मागचा फोन नंबर कागदावर उतरवून घ्या, कार्ड हरवल्यावर तो कार्डाबरोबरच जातो. हॉटेलला किंवा भाड्याच्या गाडीला डेबिट कार्ड देऊ नका. ते लोक अनामत म्हणून रक्कम अडवून ठेवतात, ती सुटायला काही दिवस लागतात, आणि डेबिट कार्डावर तेवढे दिवस तुमचेच पैसे अडकतात.

आणि एक चाचणी करा. एक पूर्ण दिवस फोन विमान मोडवर टाका, फक्त वायफाय चालू ठेवा. त्या अवस्थेत पैसे पाठवून बघा, एखादी खरेदी करून बघा, नेटबँकिंगमध्ये शिरून बघा. जिथे जिथे अडलात तिथे तिथे तुम्ही एसएमएसवर अवलंबून आहात. रोमिंगची परीक्षा याने होत नाही, पण यादी हातात येते.

पैलतीरी

कार्डपंचांना दुजोरा. मी मुलीकडे गेलो होतो तेव्हा सिमची वैधता संपली आणि नंबर बंद झाला. परत आलो तेव्हा तो नंबर दुसऱ्या कुणाला तरी देऊन झाला होता! माझे ओटीपी एका अनोळखी गृहस्थांना जात होते. ते सज्जन निघाले. बँकेत नंबर बदलायला स्वतः जावं लागलं आणि तिथे म्हणाले, आधी जुन्या नंबरवरचा ओटीपी सांगा. हसावं की रडावं. कुठल्या कंपनीचं सिम ते सांगत नाही, चूक माझीही होतीच.

सांधेजोड

पाण्याचं मी बघतो. तीस वर्षं नळजोडणीतच गेली.

मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा हे बरोबर, पण निघायच्या दिवशी पहिल्यांदा त्याला हात लावू नका. गोल चाकाचा जुना व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं उघडा राहिला की आत क्षार धरतो. मग एक तर फिरत नाही, किंवा फिरतो पण पूर्ण बसत नाही, किंवा फिरवल्यावर दांड्याच्या बुडातून गळायला लागतो. गाडी दारात उभी असताना हे कळून उपयोग काय?

आजच करा. मुख्य व्हॉल्व्ह हळूच बंद करा, जोर लावू नका. मग घरातला सगळ्यात खालचा नळ उघडा. नळीत राहिलेलं पाणी येईल, पाचेक मिनिटांत थांबायला हवं. अर्ध्या तासानेही थेंब थेंब चालू असेल तर व्हॉल्व्ह बसत नाही. मग पुन्हा उघडा, कागदाचा कोरडा तुकडा दांड्याच्या बुडाशी धरा, ओला होतो का बघा.

आणि मीटर असेल तर रात्री झोपताना आकडा लिहा, सकाळी नळ उघडण्यापूर्वी पुन्हा लिहा. आकडा सरकला असेल तर कुठेतरी आधीच गळतंय.

कुंडीशास्त्र

३२ कुंड्या! किती जणींना रोज पाणी लागतं आणि किती जणींना लागतं असं तुम्हाला वाटतं, हे आधी वेगळं करा. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. कुंडीला पाणी घाला, निथळू द्या, वजन करा. २४ तासांनी पुन्हा करा. जितके ग्रॅम कमी झाले तितके मिलिलिटर ती कुंडी दिवसाला पिते. अंदाजाने पाणी घालणारे शेजारी झाडं वाळवत नाहीत, कुजवतात.

उलट्या बाटल्यांबद्दल: माती भुसभुशीत असेल तर बाटली एका रात्रीत रिकामी होते, घट्ट असेल तर महिनाभर तशीच राहते. आधी लावून बघितल्याशिवाय भरवसा नाही.

उंबरठा

शनिवार-रविवार सगळी रंगीत तालीम केली. हा घ्या वृत्तांत.

विमान मोड: अ‍ॅपमध्ये शिरता आलं. ओळखीच्या खात्यात पैसे गेले. नवीन खातं जोडता आलं नाही, कार्डाने ऑनलाइन खरेदी झाली नाही, आणि विम्याच्या संकेतस्थळावर तर लॉगिनच होईना. यांचा नंबर आणि माझा नंबर कुठे कुठे दिलाय त्याचाही घोळ निघाला, एका खात्याला अजून सासूबाईंचा नंबर होता.

व्हॉल्व्ह: चाकाचाच आहे. बंद झाला, नळही थांबला, पण पुन्हा उघडल्यावर बुडातून गळायला लागला. आत्ता खाली डबा ठेवलाय.

झाडं: मोठा फर्न खिडकीत होता, २४ तासांत ९० ग्रॅम घटला. तोच आतल्या खोलीत, उन्हापासून लांब ठेवला तर ३५. मी थक्क झाले. मग नायलॉनच्या दोरीची वात करून बादलीतून कुंडीत सोडली आणि बादली स्टुलावर ठेवली. सकाळी बादली रिकामी, फर्न तळ्यात आणि गालिचा ओला.

बोका: भाची आली, तो तीन तास वॉशिंग मशीनच्या मागे.

कुंडीशास्त्र

स्टुलावर ठेवलीत तिथेच चुकलं. पाण्याची पातळी कुंडीपेक्षा वर असली की वात राहत नाही, पन्हाळ होते. ओढ लागते आणि बादली संपेपर्यंत थांबत नाही. बादली कुंडीच्या बुडापेक्षा खाली ठेवा, म्हणजे कुंडी स्टुलावर आणि बादली जमिनीवर. मग माती कोरडी पडेल तेवढंच पाणी वर चढतं. चढ वीतभराच्या आत ठेवा, फार उंच गेलं तर वर पोहोचतच नाही. वात आधी भिजवून घ्या, आणि मातीत बोटभर नव्हे, मुळांपर्यंत खोल घाला. सुती दोरी नको, कुजते.

हिशोब तुमच्याच आकड्यांवर: ३५ गुणिले ४५ म्हणजे १५७५ मिलि., एका फर्नला साधारण १.६ लिटर. पाच लिटरच्या बादलीवर दोन फर्न आरामात, तिसरा बसवू नका. बादलीला झाकण घाला, वातीपुरतं भोक पाडून. एक तर बाष्प जातं, दुसरं म्हणजे बोका त्यातच पाणी पिईल.

कोरफड, स्नेक प्लांट, निवडुंग असं जे काही असेल ते आजपासून विसरा. निघायच्या दोन दिवस आधी एकदा पाणी, मग थेट परत आल्यावर. खिडकीतून दोन हात आत सरकवा, बस.

मांजरपाठ

मध्येच विचारते, ३२ मध्ये लिली आहे का? असेल तर आजच दुसऱ्याला देऊन टाका. पानं, फूल, परागकण, कुंडीतलं पाणीसुद्धा मांजराच्या मूत्रपिंडाला विष आहे. एकटं, कंटाळलेलं मांजर पानं चावतं.

उंबरठा

एक आहे. होती म्हणा. शेजारच्या काकूंकडे गेली.

सांधेजोड

व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती एक नट असतो, तो पाव फेरा घट्ट करून बघा, बहुतेकदा तेवढ्याने गळणं थांबतं. पण दीड महिना रिकाम्या घरात मी त्यावर विसंबणार नाही. बदलून दांड्याचा बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या. पाव फेऱ्यात बंद, आणि दांडा नळीला आडवा दिसला की बंद आहे हे पोरालाही कळतं.

भाची रोज येणार असेल तर तिला सांगा, आल्यावर उघड, जाताना बंद कर.

दोनचबॅगा

हे मला पटत नाही. परीक्षेच्या घाईतली पोरगी एक दिवस विसरणारच. त्यापेक्षा वॉशिंग मशीनचा नळ आणि दोन्ही संडासांच्या टाक्यांचे अँगल कॉक बंद करा, मुख्य चालू राहू दे. फुटली तर मशीनची रबरी नळीच फुटते, तिच्यावर चोवीस तास दाब असतो.

सांधेजोड

मशीनच्या नळीबद्दल तुमचं बरोबर. पण भिंतीतला सांधा सुटला तर अँगल कॉक काय करणार? एक दिवस विसरली तर एकच दिवस धोका. तुमच्या पद्धतीने पंचेचाळीस दिवस.

दोनचबॅगा

आणि उघड-बंद नव्वद वेळा होणार त्याचं काय?

सांधेजोड

बॉल व्हॉल्व्हला त्याचं काही वाटत नाही.

उंबरठा

दोघांचंही अर्धं अर्धं घेते. मशीनचा नळ बंद, आणि भाची मुख्य बंद करून जाईल. बोक्यासाठी दोन मोठे डबे पाणी भरून ठेवते, म्हणजे एखाद्या दिवशी घाईत असेल तर व्हॉल्व्हला हात लावायची गरजच नाही.

सांधेजोड

उत्तम. गीझर टाकीचा असेल तर वीजही बंद करा. परत आल्यावर कोमट पाण्याने लगेच आंघोळ नको. टाकी ६० अंशांपर्यंत तापू द्या, नळ काही मिनिटं वाहू द्या, मग. साचलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढतात आणि फवाऱ्याच्या तुषारांतून छातीत जातात.

पाहुण्यांचं न्हाणीघर वापरात नसेल तर जाताना तिथल्या जाळीत तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर खाद्यतेल ओता. जाळीखालच्या वाकड्या नळीत जे पाणी असतं तेच गटाराचा वास अडवतं. काही आठवड्यांत ते आटतं, तेलाचा थर असला की सावकाश आटतं.

पैलतीरी

फ्रिजचं काय करताय? मी बंद करून दार लावून गेलो होतो. परत येऊन उघडला तो क्षण आयुष्यात विसरणार नाही.

उंबरठा

बोक्याचं ओलं खाणं उघडल्यावर उरलेलं ठेवायला भाचीला लागेल, म्हणून चालू ठेवणार.

पैलतीरी

मग फ्रीझरमध्ये एका वाटीत पाणी गोठवा आणि बर्फावर एक नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक. तळाशी सापडलं तर मध्ये वीज बराच वेळ गेली होती, फ्रीझरमधलं सगळं टाकून द्या. बंद करणाऱ्यांनी दार फटीएवढं उघडं राहील असा रुमाल अडकवा, नाहीतर काळी बुरशी.

कार्डपंच

घराच्या विम्याचं एक सांगायचं राहिलं. कागद काढून 'घर रिकामं असल्यास' असं काही कलम आहे का बघा. काही पॉलिसींमध्ये सलग ३० किंवा ६० दिवस घरात कुणी नसेल तर चोरी किंवा पाणीगळतीचं संरक्षण कमी होतं किंवा थांबतं. तुमचे ४५ त्या दोन्हींच्या मध्ये पडतात.

उंबरठा

बघितलं. आमच्यात ३० आहे. पण भाची रोज येणार, काही रात्री राहणारही, मग ते 'रिकामं' धरतात का?

कार्डपंच

कुठे 'रोज कुणी बघून जात असेल' एवढं पुरतं, कुठे रात्री माणूस झोपायला हवा. शब्दांवर ठरतं. ईमेलने विचारा, फोनवर नको. उत्तर लेखी हातात हवं.

मांजरपाठ

दवाखान्याचंही लेखी करा. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे एक पत्र द्या: माझ्या अनुपस्थितीत ही मुलगी बोक्याला आणेल, अमुक रकमेपर्यंत उपचार विचारल्याशिवाय करा, त्यापुढे मला फोन करा, मी अमुक तास लागले नाही तर तुम्ही ठरवा. थोडी रक्कम आधी जमा ठेवता आली तर ठेवा. रात्री दोन वाजता, तुम्ही विमानात असताना, एकोणीस वर्षांच्या मुलीने हे ठरवू नये.

पिंजरा आत्ताच बाहेर काढून खोलीत उघडा ठेवा, आत त्याची जुनी चादर. पिंजरा फक्त दवाखान्याच्या दिवशीच दिसला तर भाचीला तो आत घालता येणार नाही. आणि निघायच्या आधी वजन करून लिहा. भाचीने दर रविवारी त्याला घेऊन वजनकाट्यावर उभं राहायचं, मग स्वतःचं वजा करायचं.

परतीचापाऊस

चष्मा पुसून सगळं वाचलं. एक शंका. हे सगळं भाचीला तोंडी सांगणार की लिहून? माझ्या बायकोने एकदा शेजाऱ्यांना सात मिनिटं तोंडी सूचना दिल्या होत्या. त्यांनी नेमकं कोरफडीला रोज पाणी घातलं.

उंबरठा

काका, लिहून. एकच कागद, फ्रिजच्या दारावर. वर बोक्याचे चार प्रश्न: दिसला का, खाल्लं का, गोळे किती, काही वेगळं. खाली फक्त आठ कुंड्यांची नावं, कुणाला किती पेले ते लिहिलंय. बाकी २३ कुंड्यांवर 'हात लावू नये' अशा चिठ्ठ्या लावल्यात, कोरफडीवर दोन.

उंबरठा

निघायला तीन दिवस. शेवटचा वृत्तांत देते.

बॉल व्हॉल्व्ह बसला. देयकं चारपैकी तीन थेट खात्यावर गेली, चौथ्याचं संकेतस्थळ अजून जुन्याच कार्डाला चिकटून आहे, म्हणून ते कार्ड घरात कुलपात. रोमिंग चालू केलं, सासूबाईंचा नंबर काढला. फर्न दोन आठवडे आतल्या खोलीत वातीवर आहेत, हिरवेगार. एका बादलीत मात्र हिशोबापेक्षा जास्त पाणी कमी झालंय, कारण कळत नाही. झाकण नीट बसत नसावं.

भाची चार रात्री राहून गेली. पहिल्या दोन रात्री बोका मशीनमागे, तिसऱ्या रात्री तिच्या पुस्तकावर. गोळे रोज तीन. वजन ६.४ किलो, अहवालात 'भरलेला' असंच लिहिलंय. परीक्षेच्या आठ दिवसांसाठी शेजारच्या काकू येणार आहेत, लिली मिळाल्याचा आनंद अजून आहे त्यांना.

विम्याच्या ईमेलला अजून उत्तर नाही. दोनदा आठवण केली.

कार्डपंच

तिसऱ्यांदा करा, आणि तारखेसह आधीचे दोन्ही ईमेल त्यालाच जोडा.

कुंडीशास्त्र

ज्या बादलीचं पाणी जास्त गेलं तिच्याजवळ मांजराचे केस दिसतात का बघा.

उंबरठा

झाकणावर दोन आहेत. राखाडी.